सिरिंज दाबली, समतोल रंगहीन बाजूला सरकला, तरी वायू आधीपेक्षा गडदच कसा?

वाटसरू
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी रसायनशास्त्र पुन्हा वाचायला घेतले आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. बंद सिरिंजमध्ये तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि रंगहीन डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड यांचे मिश्रण आहे.

N₂O₄ ⇌ 2NO₂

दट्ट्या झटकन आत दाबला की वायू एकदम गडद होतो आणि नंतर हळूहळू फिकट होतो, हे मी चित्रफितीत पाहिले. पुस्तक म्हणते की दाब वाढला म्हणजे समतोल कमी रेणूंच्या बाजूला, म्हणजे रंगहीन N₂O₄ कडे सरकतो. हे पटले. परंतु फिकट झाल्यावरही तो दाबण्यापूर्वीपेक्षा गडदच दिसतो. तपकिरी रेणू कमी झाले असतील, तर रंग आधीपेक्षा फिका व्हायला नको का? दुसरी शंका अशी की दाब बदलला तरी समतोल स्थिरांक बदलत नाही, तापमान बदलले तर मात्र बदलतो, असे लिहिलेले आहे. दोन्ही वेळा समतोल सरकतोच, मग हा भेदभाव कशासाठी?

प्रतिगामी
ले शातेलिए यांचे तत्त्व सरळ आहे. व्यवस्थेवर ताण आणा, ती त्या ताणाला विरोध करते. दाब वाढवला, रेणू कमी झाले, N₂O₄ वाढला. N₂O₄ वाढला याचाच अर्थ छेद वाढला आणि K थोडा कमी झाला. पुस्तकात "बदलत नाही" असे लिहितात ते बदल किरकोळ असतो म्हणून, असे माझे मत आहे.

सांजवात
गडद दिसतो कारण दाबल्यावर रेणू जवळ जवळ येतात. इतकेच. धागा संपला. 🙂

शाईची_दौत
सांजवात, उत्तर अर्धे बरोबर आहे. पण "इतकेच" म्हणून सुटका होणार नाही. जवळ आल्यामुळे जेवढा गडद व्हायला हवा होता, त्यापेक्षा तो कमी गडद राहतो, आणि ते का, हाच वाटसरूंचा प्रश्न आहे. मी अकरावी-बारावीला शिकवते. विद्यार्थी "विरोध करतो" हे शब्द "पूर्वपदावर आणतो" असे वाचतात आणि तिथेच घोटाळा होतो. विरोध नेहमी अपुरा असतो.

मोजपट्टी
आकडे घातल्याशिवाय हा गुंता सुटत नाही, म्हणून एकदा हिशेब करू.

२५ अंश सेल्सिअसला या विघटनाचा स्थिरांक सुमारे ०.१५ आहे (दाब वातावरणात मोजला तर). म्हणजे समतोल असताना NO₂ च्या आंशिक दाबाचा वर्ग भागिले N₂O₄ चा आंशिक दाब, याचे उत्तर ०.१५ आले पाहिजे. सिरिंजमध्ये निम्मा दाब नायट्रोजनचा आणि निम्मा आपल्या मिश्रणाचा आहे असे धरतो. नायट्रोजन का घेतला ते नंतर सांगतो. मिश्रणाच्या वाट्याला अर्धे वातावरण आले, तर त्यात NO₂ चा दाब ०.२१ आणि N₂O₄ चा ०.२९ निघतो. ०.२१ चा वर्ग ०.०४४, त्याला ०.२९ ने भागले की ०.१५. जमले.

आता दट्ट्या दाबून आकारमान निम्मे करा आणि क्षणभर असे समजा की एकाही रेणूने अजून रूप बदललेले नाही. दोन्ही दाब दुप्पट होतील, म्हणजे ०.४२ आणि ०.५८. याच आकड्यांनी तोच भागाकार केला, तर ०.३० येतो. या तात्पुरत्या भागाकाराला Q म्हणतात. Q ०.३० आहे आणि K ०.१५, तेव्हा वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त व्हायला हवा, म्हणजे NO₂ जोडी जोडीने एकत्र येऊन N₂O₄ बनला पाहिजे. भागाकार पुन्हा ०.१५ होईपर्यंत हे चालते आणि शेवटी NO₂ ०.३१ वर, N₂O₄ ०.६४ वर थांबतो.

आता वाटसरूंचा रंग पाहा. NO₂ चा दाब ०.२१ होता, दाबताक्षणी ०.४२ झाला आणि शेवटी ०.३१ वर आला. गडद, मग फिका, पण मूळ ०.२१ पेक्षा गडदच. यात विरोधाभास कुठेही नाही. तपकिरी रेणूंची संख्या खरोखर घटली आहे, कारण ०.३१ ला निम्म्या आकारमानाने गुणले, तर मूळ मापाने ते ०.१५५ च भरतात. पण उरलेले रेणू निम्म्या जागेत आहेत.

प्रतिगामी
आणि K?

मोजपट्टी
०.३१ चा वर्ग भागिले ०.६४. स्वतः करून पाहा, पुन्हा ०.१५ येतील. N₂O₄ वाढला म्हणून छेद वाढला हे खरे, पण NO₂ सुद्धा मूळच्या ०.२१ वरून ०.३१ वर गेला आहे आणि अंशात त्याचा वर्ग आहे. तुमच्या मांडणीत फक्त छेद हलला, अंश जागच्या जागी राहिला.

अवकाळी
एक शंका, थोडी बाजूची आहे. यात उत्प्रेरक घातला तर समतोल अधिक लवकर उजवीकडे सरकेल ना? कारखान्यांत तेच करतात.

शाईची_दौत
अवकाळी, उत्प्रेरकाने समतोलापर्यंत पोचायला लागणारा वेळ कमी होतो, पोचण्याचे ठिकाण तेच राहते. तो जाणारा आणि येणारा असे दोन्ही मार्ग एकाच प्रमाणात सोपे करतो. इथे तर उत्प्रेरकाची गरजच नाही, ही अभिक्रिया स्वतःच अतिशय वेगवान आहे.

गंधक
"स्वतःच अतिशय वेगवान आहे" या वाक्यापाशी थांबावे लागेल, कारण त्यातून या प्रयोगाची नेहमी सांगितली जाणारी कथा जरा डळमळते.

सर्वसाधारण दाबाला आणि तापमानाला N₂O₄ फुटण्याचा आणि जुळण्याचा वेग इतका आहे की समतोल मायक्रोसेकंदांच्या घरात साधला जातो. तो मोजायला आघात नलिकेसारखी साधने लागली. म्हणजे तुमचा अंगठा दट्ट्या दाबत असतानाच, दाबण्याच्या प्रत्येक टप्प्यावर, समतोल जुळून गेलेला असतो. मग चित्रफितीत दिसणारे, सेकंद-दोन सेकंद चालणारे "हळूहळू फिकट होणे" कसले? मोजपट्टींनी "क्षणभर एकाही रेणूने रूप बदललेले नाही" असे समजायला सांगितले. हिशेबासाठी ते योग्यच आहे, पण तसा क्षण डोळ्याला दिसूच शकत नाही.

डोळ्याला दिसते ते थंड होणे. वायू झटकन दाबला की तो तापतो, सायकलच्या पंपाप्रमाणेच. शिवाय NO₂ जुळून N₂O₄ होताना उष्णता बाहेर पडते, तिचीही भर पडते. या अभिक्रियेत तापमानाचा K वर भलताच परिणाम होतो. प्रत्येक मोल N₂O₄ फुटायला सुमारे ५७ किलोज्यूल लागतात आणि त्या आकड्याने हिशेब केला, तर २५ अंशांना ०.१५ असलेला K ३५ अंशांना सुमारे ०.३२ होतो. मोजपट्टींचा दाबताक्षणीचा Q किती होता? ०.३०. म्हणजे दाबताना वायू केवळ दहा अंशांनी तापला, तर K आणि Q जवळपास सारखे होतात आणि त्या वेळी समतोलाला कुठेही सरकण्याचे कारणच उरत नाही! नंतर सिरिंजच्या भिंतींतून उष्णता निघून जाते, K हळूहळू ०.१५ कडे उतरतो आणि त्याच्या मागोमाग NO₂ कमी होत जातो. फिकट होण्याचा तो सेकंदभराचा काळ वायू निवण्याचा आहे.

सांजवात
म्हणजे आम्हाला शाळेत दाबाचा परिणाम म्हणून तापमानाचा परिणाम दाखवला? फी परत मिळेल का?

शाईची_दौत
फी परत मिळणार नाही. शेवटची स्थिती दाबाचाच परिणाम दाखवते, कारण वायू पुन्हा खोलीच्या तापमानाला आलेला असतो. मधल्या प्रवासाचे कारण मात्र मीही वर्गात "अभिक्रियेला वेळ लागतो" असेच ऐकत आले. गंधक, वायू प्रत्यक्षात किती तापतो याचा काही अंदाज?

गंधक
ते दाबण्याच्या वेगावर आणि भिंतींवर अवलंबून आहे. वायू अजिबात उष्णता न गमावता दाबला गेला, तर दहा अंशांपेक्षा अधिकच तापायला हवा. पण लहान सिरिंजमध्ये भिंत जवळ असल्याने काही उष्णता दाबतानाच निघून जाते. म्हणून नेमका आकडा द्यायला मी धजणार नाही. तपासायची युक्ती मात्र सोपी आहे. दट्ट्या पाच-दहा सेकंद घेत सावकाश दाबा. वायू जवळपास खोलीच्याच तापमानाला राहील आणि तो आधी खूप गडद होऊन मग फिका पडण्याऐवजी बेताबेताने गडद होत थेट अखेरच्या छटेला पोचेल. अभिक्रियेला सेकंदभर लागत असता, तर सावकाश दाबतानाही थोडे मागे राहणे दिसले असते.

मोजपट्टी
त्यात आणखी एक निरीक्षण जोडतो, कारण रंगाबाबतची निम्मी भांडणे बघण्याच्या दिशेवरून होतात. वरचा ०.२१ ते ०.३१ हा प्रवास बाजूने बघणाऱ्याचा आहे. बाजूने पाहिले तर सिरिंजचा व्यास तेवढाच राहतो, म्हणून छटा फक्त दाटीवर ठरते. सिरिंज उभी धरून तिच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे टोकाकडून पाहिले, तर दाबल्यावर वायूची लांबी निम्मी झालेली असते. दाटी दुप्पट आणि लांबी निम्मी, तेव्हा रेणूंनी रूप बदलले नसते, तर छटा मुळीच बदलली नसती. अखेरीस दिसते ती मूळ ०.२१ च्या जागी ०.१५५ इतकी, म्हणजे चक्क फिकी! टोकाकडून बघणाऱ्याला समतोल N₂O₄ कडे सरकला हे उघड दिसते, कारण तिथे नुसत्या दाटीचा परिणाम आपोआप वजा होतो. वाटसरूंनी "आधीपेक्षा फिका व्हायला नको का" असे विचारले होते. होतो, पण टोकाकडून.

वाटसरू
हे फारच सुंदर आहे. चित्रफीत पुन्हा पाहिली, कॅमेरा बाजूलाच होता. पहिली शंका मिटली. दुसरी अजून शिल्लक आहे: दाबाने K हलत नाही आणि तापमानाने हलतो, हे का?

टेस्टट्यूब
माझा अनुभव लिहितो, कदाचित दुसऱ्या शंकेला उपयोगी पडेल. आम्ही महाविद्यालयात याच वायूचे बंद काचगोळे करायचो. एक बर्फाच्या पाण्यात, एक गरम पाण्यात. गरमातला गर्द तपकिरी, बर्फातला अगदी फिका. एकदा बर्फातल्या गोळ्याच्या तळाशी पिवळसर द्रवाचे बारीक थेंब दिसले. आमच्या सरांनी "बाहेरचे दव आहे" म्हणून सांगितले, पण थेंब आतच होते. ते काय होते?

मोजपट्टी
तो द्रवरूप N₂O₄ होता, फार तर थोडा NO₂ विरघळलेला. N₂O₄ २१ अंशांच्या आसपास उकळतो आणि शून्य अंशाला त्याचा बाष्पदाब एक तृतीयांश वातावरणाच्या आसपास असतो. गोळ्यात वायू त्यापेक्षा अधिक दाबाने भरलेला असेल, तर बर्फात ठेवल्यावर जास्तीचा भाग द्रव होणारच. मी सिरिंजमध्ये निम्मा नायट्रोजन घेतला त्याचेही कारण हेच आहे. शुद्ध मिश्रण एका वातावरणाला घेऊन निम्म्या आकारमानात दाबले असते, तर ते दोन वातावरणांजवळ पोचले असते. २५ अंशांना तेवढा दाब टिकत नाही, आधीच द्रव सुटू लागतो आणि सारा हिशेब कोलमडतो.

थेंब दिसले की समजावे की आता रंग दोन कारणांनी फिकट होत आहे: K कमी झाल्याने आणि पदार्थ वायूतून निघून द्रवात गेल्याने. मग त्या गोळ्यावरून केवळ K विषयी निष्कर्ष काढू नये. गोळा भरताना वायू कमी भरला, तर हा प्रश्न येत नाही.

आणि कोणी नव्याने हा प्रयोग करू पाहत असेल, तर वायू विषारी आहे आणि फुप्फुसांना त्याचा त्रास कित्येक तासांनंतर जाणवू शकतो. फ्यूम हूडशिवाय अजिबात नको.

प्रतिगामी
तापमानाचे कारण मी सांगतो. उष्णता हा एक अभिकारक मानायचा. N₂O₄ अधिक उष्णता देते 2NO₂. उष्णता वाढवली, समतोल उजवीकडे. सांद्रतेसारखेच. मग वेगळा नियम कशाला?

शाईची_दौत
दिशा सांगण्यासाठी ही क्लृप्ती चालते आणि मी स्वतः ती शिकवते. पण वाटसरूंना पडलेला प्रश्न नेमका या क्लृप्तीतून निर्माण होतो, असे माझे निरीक्षण आहे. उष्णता अभिकारकांच्या रांगेत बसवली की विद्यार्थ्याला वाटते, ती वाढवल्यावरही K तसाच राहून बाकीचे आकडे त्याच्याशी जुळवून घेतील. प्रत्यक्षात K च्या भागाकारात उष्णता कुठेच नसते.

मी फरक असा मांडते. सांद्रता किंवा दाब बदलला की Q हलतो आणि K जागेवर असतो. मग Q चालत K कडे येतो. तापमान बदलले की Q जवळपास जागेवर असतो आणि K च उठून दुसरीकडे जातो; मग Q त्याच्या मागे जातो. दोन्ही वेळा चालणारा Q च, पण दुरावा कोणी निर्माण केला, ते निराळे.

गंधक
शाईची_दौत यांची मांडणी मला फार आवडली. "K च का उठतो" याचे उत्तर थोडे खोलात आहे. K हा दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरतो. बंध तोडायला ऊर्जा लागते, म्हणून रेणूंना जुळलेले राहणे परवडते. उलट एका रेणूचे दोन झाले की मोकळीक वाढते, म्हणून फुटणेही लाभाचे ठरते. तापमान कमी असताना पहिली गोष्ट भारी पडते आणि वाढवत नेले की दुसरीचे पारडे जड होते. पारडी किती वेगाने फिरतात, ते त्या ५७ किलोज्यूलवर अवलंबून आहे. सिरिंज दाबल्याने बंधाची ताकद बदलत नाही की तापमान बदलत नाही (निवल्यावर), म्हणून K ला हलण्याचे कारण नाही.

आकड्यांत बोलायचे, तर K शून्य अंशाला सुमारे ०.०१८, २५ ला ०.१५ आणि ५० ला ०.९. प्रत्येक वेळी तापमान २५ अंशांनीच वाढले, पण पहिल्या टप्प्यात K आठ पटींहून थोडा अधिक झाला आणि दुसऱ्यात सहा पट. वाढ सरळ रेषेत नाही आणि ठरावीक पटीतही नाही. केल्विनमधील तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध K चा लॉगरिदम मांडला, तर मात्र जवळपास सरळ रेषा मिळते. हा संबंध व्हान्ट हॉफ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा ग्रंथ आणि ले शातेलिए यांच्या तत्त्वाची पहिली मांडणी, दोन्ही १८८४ सालची.

एका वातावरणाच्या एकूण दाबाला २५ अंशांवर NO₂ चा वाटा ०.३२ भरतो, ५० अंशांवर ०.६०. K सहा पट झाला, पण NO₂ दुपटीच्याही आतच वाढला. K किती बदलला आणि मिश्रण किती बदलले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अवकाळी
मग या सिरिंजमध्ये बाहेरून आणखी नायट्रोजन सोडला तर? एकूण दाब वाढेल, म्हणजे समतोल N₂O₄ कडे?

मोजपट्टी
हा प्रश्न बाजूचा नाही, अगदी मध्यावरचा आहे. दट्ट्या पक्का धरून नायट्रोजन सोडला, तर एकूण दाब वाढतो, पण NO₂ आणि N₂O₄ चे आपापले दाब तसेच राहतात. Q मध्ये तेच दोन आहेत, म्हणून काहीही घडत नाही. दट्ट्या मोकळा ठेवून सोडला, तर तो मागे सरकतो, आपले दोन्ही वायू अधिक जागेत पसरतात, Q खाली येतो आणि समतोल उलट NO₂ कडे जातो. वायू तोच, कृती तीच, पण काय स्थिर धरले त्यावरून उत्तर बदलते. "दाब वाढला" एवढ्यावरून काही ठरवू नये.

प्रतिगामी
ठीक. पण एक तरी गोष्ट पक्की ठेवा. अभिक्रियेतलाच एखादा पदार्थ वाढवला, तर समतोल तो खर्च होण्याच्या दिशेने जातो. यात तरी किंतु नको.

गंधक
किंतु आहे.

अमोनियाची अभिक्रिया घ्या.

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃

तापमान आणि एकूण दाब स्थिर आहेत, दट्ट्या मोकळा आहे. समजा समतोलात ६ मोल नायट्रोजन, २ मोल हायड्रोजन आणि २ मोल अमोनिया आहे, एकूण १०. एकूण दाब स्थिर असल्याने तो सध्या बाजूला ठेवू आणि केवळ मोलांवरून भागाकार करू. अंशात अमोनियाचा वर्ग गुणिले एकूण मोलांचा वर्ग, छेदात नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन. ४ गुणिले १०० भागिले ४८, म्हणजे ८.३. हीच समतोलाची किंमत.

आता २ मोल नायट्रोजन आणखी सोडा. नायट्रोजन ८, एकूण १२. भागाकार ४ गुणिले १४४ भागिले ६४, म्हणजे ९.०. समतोलाच्या किमतीहून अधिक! अभिक्रिया मागे जाणार, अमोनिया फुटणार आणि आपण नुकताच ओतलेला नायट्रोजन आणखी वाढणार. कारण मोजपट्टींनी सांगितलेलेच आहे: दट्ट्या मागे सरकला आणि हायड्रोजन विरळ झाला, आणि हायड्रोजनचा तर घन आहे. मिश्रणात नायट्रोजन निम्म्याहून अधिक असेल, तेव्हाच हे घडते.

प्रतिगामी
हा हिशेब मी दोनदा तपासला. आकडे बरोबर आहेत. तरीही तत्त्व मोडले असे मी म्हणणार नाही. तुम्ही एकाच वेळी दोन बदल केलेत: नायट्रोजन घातला आणि आकारमान वाढू दिले. दुसऱ्या बदलाला व्यवस्थेने विरोधच केला आहे, अधिक रेणू बनवून.

गंधक
असे म्हणता येईल. पण मग कोणता ताण अधिक भारी हे तत्त्व आधी सांगू शकत नाही, आपण Q काढल्यावर त्याला जागा शोधून देतो. उत्तर कळल्यानंतर जुळवता येणाऱ्या नियमाला मी भाकीत म्हणत नाही.

शाईची_दौत
मी दोघांच्या मध्ये आहे. आकारमान स्थिर असेल, तर पदार्थ वाढवल्यावर तो खर्च होण्याच्याच दिशेने समतोल जातो आणि पाठ्यपुस्तकातील बहुतेक उदाहरणे तशीच असतात. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हा अपवाद सांगावा की नाही यावर आमच्या शिक्षकखोलीतही एकमत नाही. परीक्षेत "स्थिर दाबाला" हे शब्द प्रश्नात लिहिलेलेच नसतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

सांजवात
थोडक्यात, दट्ट्या कोणी धरला आहे ते आधी विचारायचे.

वाटसरू
सर्वांचे आभार. शेवटचे एक विचारतो. दाबाने K बदलत नाही, हे वाक्य आता मी निःशंकपणे लिहू शकतो ना? प्रतिगामी यांचे सुरुवातीचे "किरकोळ बदल" हे म्हणणे मनातून जात नाही.

गंधक
सिरिंजपुरते निःशंकपणे लिहा. अमोनियाच्या कारखान्यात लिहू नका.

लार्सन आणि डॉज यांनी १९२० च्या दशकात अमोनियाचा समतोल निरनिराळ्या दाबांना मोजला, आणि लार्सन यांनी पुढे दाब आणखी वाढवून मोजमापे केली. अभिक्रिया एक मोल अमोनियासाठी लिहिली, तर ४५० अंशांना आंशिक दाबांवरून काढलेला स्थिरांक १० वातावरणांना सुमारे ०.००६६ होता आणि ६०० वातावरणांना सुमारे ०.०१२९. जवळपास दुप्पट, तापमान तेच. याचे कारण असे की एवढ्या दाटीत रेणू एकमेकांना ओढतात आणि ढकलतात, त्यामुळे आंशिक दाब हा त्यांच्या निसटण्याच्या प्रवृत्तीचे खरे माप राहत नाही. दाबाच्या जागी फ्युगॅसिटी घातली, तर जो स्थिरांक मिळतो तो दाबाने खरोखरच बदलत नाही.

प्रतिगामी
म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो.

मोजपट्टी
तुम्ही म्हणालात K कमी होतो. इथे तो वाढला आहे. आणि कारणही N₂O₄ नाही.

टेस्टट्यूब
गंधक, आमच्या सिरिंजमध्ये दोन वातावरणांना हा फरक किती पडेल? मोजण्याजोगा असेल का?

गंधक
अमोनियाच्या त्याच मालिकेत १० पासून ३० वातावरणांपर्यंत बदल शेकडा दोन-तीनच आहे. तुमचे मिश्रण मात्र द्रव होण्याच्या उंबरठ्यावर असते, म्हणून त्यात विचलन दाबाच्या मानाने अधिक असणार. तरीही तापमान अर्ध्या अंशाने चुकले, तर K शेकडा चार चुकतो. तेव्हा थर्मामीटर आधी चांगला घ्या, मग या फरकाच्या मागे लागा.